पुस्तकाची लाज राखणाऱ्या मुद्रितशोधकाला आभारपत्र कसं लिहावं

मुद्रितशोधनाचं काम करताना मला आलेली आभारपत्रं मी एका फाइलमध्ये ठेवली आहेत. त्यांतली बहुतेक पत्रं एकमेकांच्या पाकिटात घातली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. ‘आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल’, ‘आपल्या चिकित्सक नजरेबद्दल’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष पुरवल्याबद्दल’. एका पत्रात माझं आडनाव चुकलं आहे. दुसऱ्या एका पत्राला पुढच्या पुस्तकाची चाळीस पानं जोडली होती, ‘जाता जाता नजर टाका’ म्हणून.

मग माझी स्वतःची कादंबरी छापायला गेली. तिची प्रुफं दुसऱ्या एका ताईंनी पाहिली. त्यांनी दोन-तीन अशा चुका पकडल्या, की त्या तशाच छापल्या गेल्या असत्या तर मी काही दिवस फोन बंद ठेवला असता. आभाराचं पत्र लिहायला बसलो आणि पहिल्या मसुद्याची सुरुवात झाली ‘आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल’ अशी. तो फाडून नव्याने लिहिलं, त्याचा हा क्रम. उदाहरणं माझ्याच पुस्तकातली आहेत.

टप्पा १: लेखणी उचलण्याआधी कागद काढा

आभारपत्रं पोकळ होतात, कारण लेखक ती आठवणीवर लिहितो. प्रुफं परत आल्याला दोन-तीन महिने झालेले असतात. त्यांनी खूप चुका काढल्या, एवढीच भावना शिल्लक उरते आणि तीच पत्रात उतरते. म्हणून आधी तीन गोष्टी समोर ठेवा: खुणा केलेली सगळी प्रुफं, मुद्रितशोधकाने विचारलेल्या शंका (त्या समासात असतील, वेगळ्या कागदावर असतील किंवा मेलमध्ये), आणि पुस्तकाची छापील प्रत.

आता प्रुफं चाळा आणि काळजात धस्स झालं होतं त्या जागा कागदावर उतरवा. प्रत्येक जागेसाठी पान क्रमांक, मूळ मजकूर, त्यांनी काय लिहिलं आणि छापील प्रतीत आता काय आहे, एवढं पुरे. शेवटची नोंद कंटाळवाणी वाटते, पण तीच सर्वांत महत्त्वाची. दाखवलेली प्रत्येक दुरुस्ती पानावर चढतेच असं नाही. कधी अक्षरजुळणी करणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते, कधी एका जागी घेतली जाते आणि दुसऱ्या जागी राहते, कधी लेखकानेच ती नाकारलेली असते आणि नंतर विसरलेला असतो. ‘तुमच्यामुळे ही चूक टळली’ असं तुम्ही लिहायचं आणि त्यांनी पुस्तक उघडल्यावर ती तिथेच दात काढून बसलेली दिसायची, यापेक्षा पत्र न पाठवलेलं बरं.

दुसरा घोळ श्रेयाचा. हस्तलिखित संपादकाच्या हाताखालून गेलेलं असतं. एखादी चूक कुणी पकडली हे आठवणीवर सांगायला जाल तर संपादकाने काढलेली चूक मुद्रितशोधकाच्या नावावर चढेल. त्यांना ते लगेच कळेल, आणि पत्रातल्या खऱ्या गोष्टींचाही भरवसा त्यांना वाटेनासा होईल. अक्षर कुणाचं आहे ते प्रुफावर पाहा.

*तपासा:* मानधन चुकतं झालं आहे का? ते प्रकाशकाकडून येणं असेल तर आधी त्यांना विचारा. पैसे थकलेले असताना आलेलं भरभरून कौतुकाचं पत्र काय वाटतं, हे मी अनुभवाने जाणतो.

टप्पा २: दोनच चुका निवडा

माझ्या यादीत एकोणीस जागा निघाल्या. पत्रात दोन घेतल्या. सगळी यादी उतरवली की पत्राचं शुद्धिपत्र होतं, आणि वाचणाऱ्याला आपल्याच कामाचा हिशेब परत वाचावा लागतो.

निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: ही चूक पकडायला यंत्र पुरलं असतं का? ‘सुरुवात’ऐवजी ‘सुरवात’ पकडणं हे रोजचं काम आहे. ते चोख झालं म्हणून स्वतंत्र ओळ लागत नाही. पण शब्द शुद्ध असून जागा चुकलेली असेल, किंवा वाक्य निर्दोष असून त्यातली माहिती अशक्य असेल, तर माणूसच थांबतो. त्या थांबण्याबद्दल लिहा.

माझी पहिली निवड एका अनुस्वाराची. एका प्रकरणाचं नाव होतं ‘मुलीची चिंता’. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये नेताना अनुस्वार गळाला आणि पानावर लागलं ‘मुलीची चिता’. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे संगणकाने लाल रेघ मारली नाही. मी ते पान तीनदा वाचलं होतं. ताईंनी मथळ्यावर अनुस्वार दिला आणि मग त्या पुढे गेल्या: अनुक्रमणिकेत तेच नाव, आणि उजव्या पानांच्या माथ्यावर बारीक अक्षरांत येणारं तेच नाव. प्रकरण ११३ ते १२६ पानांवर होतं. पहिल्या पानावर माथ्याची ओळ नसते, म्हणजे ११५ पासून १२५ पर्यंत सहा विषम पानं. सहाही त्यांनी मार्क केली. मथळा दुरुस्त करून माथ्याची ओळ विसरणं ही फार नेहमीची चूक आहे, कारण ती ओळ कुणी वाचतच नाही. मी स्वतः दुसऱ्यांच्या पुस्तकांत ती केली आहे.

दुसरी निवड जन्मतारखेची. कादंबरीतले आजोबा २९ फेब्रुवारी १९०० रोजी जन्मले होते. चार वर्षांतून एकदा वाढदिवस, हा त्यांच्याभोवतीचा कायमचा विनोद. १९६० साली ते साठ वर्षांचे होतात आणि घरात त्यांचा पंधरावा वाढदिवस साजरा होतो. पान ४१ च्या समासात ताईंनी लिहिलं, ‘१९०० लीप वर्ष आहे का?’

नव्हतं. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप. २००० होतं, १९०० नव्हतं. तो दिवस उगवलाच नाही. मी मात्र ताठ्यात उत्तर पाठवलं, की एक्सेलमध्ये तारीख टाकून पाहिली आणि त्याने ती बिनतक्रार घेतली. (एक्सेल ती खरंच घेतं. १९०० ला लीप धरण्याची चूक त्यात एका जुन्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवली आहे. हे मला नंतर कळलं.) ताईंनी वाद घातला नाही. नियम एका ओळीत लिहिला आणि खाली दोन वाटा मांडल्या. जन्म १९०४ चा केला तर साठावं वर्ष आणि पंधरावा वाढदिवस दोन्ही १९६४ साली येतात, म्हणजे तो प्रसंगच चार वर्षं पुढे न्यावा लागेल. जन्म १८९६ चा केला तर १९०० चा वाढदिवस बुडतो, पहिला येतो १९०४ साली, आणि मोजत गेलं की १९६० साली पंधरावाच पडतो. फक्त वय साठऐवजी चौसष्ट होतं. माझ्या कथानकात १९६० हलवता येत नव्हतं. मी १८९६ घेतलं, आणि वय आलेली चार पानं त्यांनी सोबत लिहूनच दिली होती.

निवडलेली चूक इतक्या तपशिलात तुम्हाला मांडता येत नसेल, तर ती पत्रासाठी नाही. यादीत परत जा.

*सावध:* चूक निवडताना ती ‘गमतीदार’ आहे का हे पाहू नका. गमतीदार चुका मेजवानीत सांगायला ठीक. पत्रात त्यामुळे लेखकच नायक होतो.

टप्पा ३: हे पत्र कुणाच्या डोळ्यांखालून जाणार ते ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि खरा घोळ इथेच होतो. पत्र फक्त मुद्रितशोधकासाठी आहे, प्रकाशकालाही प्रत जाणार आहे, की उद्या ते कुठे छापून येणार आहे? यावरून काय लिहायचं नाही ते ठरतं.

ताईंनी पकडलेली सर्वांत भयंकर चूक मी पत्रात घातलीच नाही. ऋणनिर्देशात दिवंगतांची नावं आणि हयात असलेल्यांची नावं लागोपाठ होती. नावं खालीवर करताना ‘कै.’ हे एक अक्षर एका धडधाकट ज्येष्ठ स्नेह्यांच्या नावामागे जाऊन बसलं. त्यांनी पुढच्या आठवड्यात प्रकाशनाला येण्याचं कबूल केलं होतं. ताईंनी फोन करून विचारलं, ‘हे गेले का हो?’ मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

ही चूक पत्रात आली असती तर पत्र गाजलं असतं. पण प्रत प्रकाशकांकडे जाणार होती. तिथून ती गोष्ट त्या स्नेह्यांच्या कानावर जायला दोन दिवस पुरले असते, आणि चूक छापली न जाताही त्यांना ती लागली असती. अशा चुकीसाठी फोन करा, किंवा वेगळ्या चिठ्ठीत दोन ओळी लिहा. मी चिठ्ठी लिहिली, त्यातही नाव घातलं नाही.

हेच अक्षरजुळणी करणाऱ्याबाबत. अनुस्वार फॉन्ट बदलताना गळाला हे खरं आहे, पण प्रकाशकाला प्रत जाणाऱ्या पत्रात तो उल्लेख तक्रारीसारखा वाचला जातो. एकाचे आभार मानताना दुसऱ्याची नोकरी अडचणीत येता कामा नये. माझ्या पत्रात ‘असं लागलं होतं’ एवढंच आहे, कुणी लावलं ते नाही.

आणि संपादकाचं काय? ‘तुम्ही पुस्तक घडवलंत’, ‘तुम्ही भाषेला आकार दिलात’ ही वाक्यं मुद्रितशोधकाला उद्देशून लिहिली, की ज्याने खरोखर ते काम केलं त्याच्या हातात ती प्रत पडते. मुद्रितशोधकालाही अवघडल्यासारखं होतं. कामाचं नाव नेमकं घ्या. लीप वर्षाचा प्रश्न विचारणं हे मुद्रितशोधनाच्या थोडं पलीकडचं आहे. तेवढं ‘तुमच्या कामात हे बसत नव्हतं’ असं म्हणायला हरकत नाही.

*तपासा:* प्रकाशकाला प्रत पाठवण्याआधी मुद्रितशोधकाला विचारलंत का? काही जण एकाच वेळी दोन प्रकाशकांची कामं करतात आणि कुणासाठी काय केलं हे सगळीकडे कळावं असं त्यांना वाटत नाही. एका फोनचं काम आहे.

टप्पा ४: मसुद्याचा क्रम

सुरुवात चुकीच्या नेमक्या जागेपासून करा. ‘आभार’ हा शब्द पहिल्या ओळीत नको. तो आधी आला की पुढचं सगळं त्याचा पुरावा दिल्यासारखं वाचलं जातं. आधी पान, मग त्या पानावर काय होतं, मग त्यांनी काय केलं.

त्यानंतर, ती चूक छापली गेली असती तर काय झालं असतं ते एका वाक्यात. इथे हात आखडता घ्या. ‘माझी साहित्यिक कारकीर्द संपली असती’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही. काय दिसलं असतं तेवढं सांगा, त्याची लाज किती ते वाचणारा स्वतःच मोजतो.

मग तुमचा वाटा. प्रुफाच्या काळात लेखक थकलेला असतो आणि शंकांना तिरकस उत्तरं देतो. तसं झालं असेल तर ते पत्रात कबूल करा, पण कारणं देऊ नका. ‘त्या दिवसांत खूप धावपळ होती’ हे वाक्य जोडलं की माफी निम्मी होते. माझ्या मते पत्रातला हाच भाग त्यांना सर्वांत जास्त दिवस आठवतो. आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाला ‘माझं चुकलं, तुमचं बरोबर होतं’ हे लेखी क्वचितच मिळतं.

शेवटी व्यवहार: श्रेयपानावर नाव कसं गेलं आहे, प्रती पाठवल्या का, आणि हे पत्र पुढच्या कामासाठी दाखवायची त्यांना मोकळीक आहे का. ही मोकळीक स्पष्ट शब्दांत लिहून द्या. मुद्रितशोधकाचं काम चांगलं झालं की ते दिसत नाही, म्हणून दाखवायला त्यांच्याकडे फारसं काही नसतं. असं पत्र त्यांना खरोखर उपयोगी पडतं, पण परवानगी मागायला ते संकोचतात.

पत्रात तीन गोष्टी येऊ देऊ नका. एक, ‘आता पुस्तकात एकही चूक नाही.’ हे तुम्हाला माहीत नाही, त्यांनाही नाही, आणि या वाक्याने पुढे सापडणारी प्रत्येक चूक त्यांच्या माथी बसते. दोन, सुटलेल्या चुका, अगदी हसत हसत सांगितलेल्यासुद्धा. तीन, पुढचं काम. पुढच्या पुस्तकासाठी तेच हवे असतील तर वेगळं पत्र लिहा, त्यात मुदत आणि मानधन दोन्ही घाला.

टप्पा ५: पूर्ण पत्र

माझं पत्र शेवटी असं झालं.

> ताई,
> सप्रेम नमस्कार.
>
> छापील प्रत काल हातात आली. सर्वांत आधी पान ११३ उघडलं. तुम्ही तिथे लाल शाईने दिलेला अनुस्वार अजून डोळ्यांसमोर आहे. ‘मुलीची चिंता’ या प्रकरणाचं नाव ‘मुलीची चिता’ असं लागलं होतं. मी ते पान तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा मला अनुस्वार दिसला होता, कारण तो माझ्या डोक्यात होता. तुम्ही मथळ्यावर थांबला नाहीत. अनुक्रमणिका आणि पानांच्या माथ्यावरच्या सहा ओळीही मार्क केल्यात. ज्या प्रकरणात मुलगी आजारातून उठून बसते, त्याच प्रकरणात दर पान उलटताना वाचकाला तिची चिता दिसली असती.
>
> दुसरी गोष्ट आजोबांच्या जन्मतारखेची. पान ४१ वर तुम्ही ‘१९०० लीप वर्ष आहे का?’ एवढंच विचारलंत. तुमच्या कामात हे बसत नव्हतं, तरी विचारलंत. मी दिलेल्या उत्तराचा सूर बरा नव्हता. तुमचं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि त्या सुराबद्दल मी माफी मागतो. तुम्ही दोन पर्याय हिशेबासकट मांडले नसते, तर मी घाईने १९०४ लिहून मोकळा झालो असतो आणि पंधरावा वाढदिवस चौदावा झाला असता. आजोबा आता १८९६ चे आहेत. चारही पानांवर चौसष्ट हे वय आलं आहे, मी छापील प्रतीत पाहिलं. त्यांचा पहिला वाढदिवस आठव्या वर्षी आला, हे वाक्य मी नंतर घातलं. तुमच्या प्रश्नाशिवाय ते सुचलं नसतं.
>
> या दोन्हींसाठी, आणि ज्यांचा इथे उल्लेख नाही त्या सगळ्यांसाठी, तुमचा ऋणी आहे.
>
> श्रेयपानावर ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे तुमचं नाव तुम्ही कळवलंत तसंच घेतलं आहे. दोन प्रती वेगळ्या पाठवल्या आहेत. हे पत्र कामासाठी कुणाला दाखवावंसं वाटलं तर पूर्ण किंवा अर्धं, जसं हवं तसं दाखवा. मी मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय ते कुठे छापणार नाही. आपलं फोनवर ठरल्याप्रमाणे एक प्रत प्रकाशकांना दिली आहे.
>
> उत्तराची घाई नाही.
>
> आपला,
> (सही)

यातलं एक वाक्य मी दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं: ‘ज्यांचा इथे उल्लेख नाही त्या सगळ्यांसाठी’. ते मोघम आहे हे मला मान्य आहे. पण ‘कै.’ची गोष्ट त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होती, आणि या ओळीत ती त्यांना दिसणार होती.

‘एक्सेल’चा उल्लेखही पहिल्या मसुद्यात होता. तो काढला, कारण एक्सेलही चुकतं असं सांगताना मी स्वतःची बाजूच मांडत होतो.

मायना तुमच्या नात्याप्रमाणे बदला. वर्षभर ज्यांना ताई म्हटलं त्यांना पत्रात अचानक ‘आदरणीय महोदया’ केलं की परकेपणा येतो. उलट, फक्त मेलवर ओळख असलेल्या माणसाला एकदम ‘दादा’ म्हणणंही बरं नाही. तिथे ‘स. न. वि. वि.’ अजूनही सुरेख काम करतं.

टप्पा ६: पत्राचंच प्रूफ पाहा

हे पत्र जो माणूस वाचणार आहे, त्याला चूक दिसू नये म्हणून डोळे मिटता येत नाहीत. तो सवयीचा भाग असतो, दोष नव्हे. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली ‘मफ्रीचा नियम’ मांडला. जे चुकू शकतं ते चुकतंच, असं सांगणाऱ्या मर्फीच्या नियमाचंच हे नाव, मुद्दाम चुकवलेलं. त्यात एक कलम असं आहे, की लेखकाने पुस्तकात तुमच्या संपादनाबद्दल किंवा मुद्रितशोधनाबद्दल आभार मानले तर त्या पुस्तकात चुका असणारच. आभारपत्रालाही तो नियम लागू आहे असं धरून चाला.

पत्र लिहून एक रात्र जाऊ द्या. मग कागदावर छापा, अक्षर नेहमीपेक्षा मोठं ठेवा आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळा शब्द अंदाजाने पुरे करतो, तोंड तसं करू शकत नाही. त्यानंतर फक्त आकडे वाचा: पान क्रमांक, साल, वय. प्रत्येक आकडा छापील पुस्तकाशी ताडा, प्रुफाशी नाही. प्रुफावर ते पान १११ असू शकतं, कारण नंतर दोन पानं वाढलेली असतात. माझ्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच झालं होतं.

सर्वांत शेवटी नाव. पाकिटावरचं, मायन्यातलं आणि श्रेयपानावरचं नाव एकच आहे का? ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, मधलं आद्याक्षर. लोक आपलं नाव कसं लिहितात ते नियमांवरून काढता येत नाही, त्यांनीच पाठवलेल्या मेलवरून किंवा बिलावरून उतरवून घ्या. हे आडनाव तर सोपं आहे असं वाटेल, तिथे दोनदा पाहा.

*सावध:* पत्र आधी त्यांनाच ‘एकदा बघून घ्या’ म्हणून पाठवू नका. मला असं एक आलं होतं. मी सात दुरुस्त्या करून परत पाठवलं, आणि ते नीटनेटकं होऊन माझ्याकडेच पुन्हा आलं. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, शक्यतो पुस्तकाशी संबंध नसलेल्या माणसाला.

टप्पा ७: पाठवणं आणि त्यानंतर

छापील प्रत हातात आल्यावर, पण प्रकाशनाच्या गडबडीआधी पाठवा. प्रुफं परत आल्याच्या दिवशी लिहिलेलं पत्र उत्साही असतं, पण तेव्हा पहिल्या टप्प्यातली शेवटची नोंद रिकामी असते. सहा महिन्यांनी पाठवलं तर ते आठवण झाली म्हणून लिहिल्यासारखं वाटतं.

सही केलेला कागद पाठवा. शक्य नसेल तर पीडीएफ. वर्डची फाइल नको. ती उघडली की बदलांचा मागोवा आपोआप सुरू करायची त्यांच्या बोटांना सवय असते. पुस्तकाच्या प्रतीत पत्र घडी करून घालू नका. प्रत कुणाला तरी वाचायला दिली जाते आणि पत्रही तिच्याबरोबर जातं.

पुढे पुस्तकात चूक सापडली तर? सापडेलच. ती आभारपत्राच्या पाठोपाठ कळवू नका. दुसऱ्या आवृत्तीसाठी एक वही किंवा फाइल उघडा आणि त्यात पान, ओळ, चूक, दुरुस्ती लिहीत जा. पुनर्मुद्रणाची वेळ आली की ती प्रकाशकाकडे द्या. सगळ्या चुका एकत्र गेल्या की त्या कामाचा भाग होतात. एकेक कळवली की प्रत्येक वेळी बोट दाखवल्यासारखं होतं.

त्यांच्याकडून उत्तर आलंच पाहिजे असं नाही. आलं आणि त्यात तुमच्या पत्रातली किंवा पुस्तकातली चूक असली, तर खुलासा पाठवू नका. ‘नोंद घेतली’ एवढं लिहा आणि वही उघडा. मला नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. दोन ओळी होत्या: ‘पत्र पोचलं, आनंद झाला. पान २०३ वर आजोबा अजून साठीचेच आहेत, हे पाचवं ठिकाण माझ्याकडून सुटलं.’ माझ्या वहीतली ती पहिली नोंद.